पिशवीतली माती आणि १६८५ चा बँड

जुलैचा दुसरा आठवडा होता. पेणकडचा एक मूर्तिकार दोन नमुने घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आला. एका प्लास्टिकच्या पिशवीत शाडूची म्हणून विकत घेतलेली कोरडी पावडर होती, आणि त्याच पावडरची मळून वाळवलेली तळहाताएवढी चकती. “ताई, शाडू बादलीत टाकला की तासाभरात ढासळायला लागतो. ही चकती दोन दिवस पाण्यात आहे, कड सुटली, पण आतून दगडच,” तो म्हणाला. पुरवठादाराने पावडरीत प्लास्टर ऑफ पॅरिस मिसळले असावे, असा त्याचा संशय होता. ऑर्डरी सगळ्या शाडूच्या नावाने घेतलेल्या, त्यामुळे त्याला तोंडी अंदाज नको होता, कागद हवा होता.

आमच्याकडे एफटीआयआर, म्हणजे नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतो हे दाखवणारे यंत्र, आहे आणि त्यावर नमुना ठेवायच्या दोन्ही सोयी आहेत. एक म्हणजे केबीआरची पेलेट, पोटॅशियम ब्रोमाइडच्या पावडरीत नमुना मिसळून दाबलेली गोळी. दुसरी म्हणजे हिऱ्याच्या स्फटिकाचे एटीआर, ज्यात नमुना नुसता स्फटिकावर दाबायचा. मी अकरा वर्षे बहुतेक औषधांच्या नमुन्यांवर काम केले आहे. तिथे दोन्हींपैकी काहीही वापरले तरी ओळख पटते. या नमुन्यात तसे झाले नाही, कारण इथे सगळा प्रश्न पाण्याचा होता आणि या दोन्ही पद्धती नेमक्या पाण्याच्या बाबतीतच चुकवतात.

प्रश्न असा होता. पीओपी म्हणजे अर्धे पाणी असलेले कॅल्शियम सल्फेट, CaSO4·½H2O. ते भिजवले की पाणी घेऊन घट्ट होते आणि जिप्सम बनते, CaSO4·2H2O. इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये पाण्याच्या रेणूच्या वाकण्याचा बँड, म्हणजे शोषणाचा उंचवटा, साधारण १६००-१७०० सेमी⁻¹ या पट्ट्यात येतो; पुढचे बँडांचे आकडेही याच एककात आहेत. जिप्सममध्ये तिथे दोन बँड दिसतात, १६८५ आणि १६२० ला. पीओपीमध्ये एकच, १६२० ला. वरच्या आकड्यांना, म्हणजे स्पेक्ट्रमच्या डाव्या बाजूला, ऑक्सिजन-हायड्रोजन म्हणजे ओएच बंधाच्या ताणाच्या भागात, जिप्समचे ३५४० आणि ३४०० ला रुंद बँड येतात, तर पीओपीचे ३६१० आणि ३५५५ ला, त्यांच्याहून बारीक. शाडूतल्या चिकणमातीचे स्वतःचे ओएच असतात. केओलिनाइट हे चिकणमातीचे खनिज असेल तर ३६९५ आणि ३६२० ला टोकदार बँड दिसतात. मातीने नुसते धरून ठेवलेले पाणी मात्र ३४०० च्या आसपास पसरते आणि १६३५ ला एक बँड देते. मातीत १६८५ येत नाही, म्हणून तो बँड माझ्यासाठी खूण होता.

पण आणखी एक मेख होती. जमिनीतल्या मातीत नैसर्गिक जिप्सम असू शकतो. म्हणजे वाळलेल्या चकतीत १६८५ दिसला तरी ते कोणी पीओपी मिसळले म्हणूनच, असे म्हणता येत नाही. अर्धजलीय रूप, म्हणजे पीओपी, मात्र भट्टीत भाजल्याशिवाय सहसा मिळत नाही. त्यामुळे खरा पुरावा चकतीत नव्हता, पिशवीतल्या कोरड्या पावडरीत होता. तिथे १६८५ नसून नुसते पीओपीचे बँड दिसले, तर ते भाजलेले प्लास्टर.

सवयीप्रमाणे मी आधी पेलेट केली. २०० मिलिग्रॅम केबीआर, त्यात सुमारे १ मिलिग्रॅम नमुना, अगेटच्या खलात घोटायचे, १३ मिलिमीटरच्या डायमध्ये भरायचे, पंप लावून हवा काढायची आणि दहा टनांच्या आसपास दाब देऊन दोन मिनिटे थांबायचे. गोळी काचेसारखी पारदर्शक निघाली तर निम्मे काम झाले. माझी निघाली दुधाळ, आणि पंधरा मिनिटांत आणखी दुधाळ झाली. बाहेर दिवसभर पाऊस पडत होता आणि एसी बंद पडलेला होता. केबीआर पाणी शोषते हे सगळ्यांना ठाऊक असते, पण पावसाळ्यात ते किती झपाट्याने शोषते हे स्वतः वजन करतानाच कळते. बाटलीचे झाकण उघडे ठेवून तराजूवर पावडर घेत बसलो, तर तेवढ्यातही ते पाणी खेचते.

त्या पेलेटच्या स्पेक्ट्रममध्ये ३४४० ला मोठा गोलसर फुगवटा होता आणि १६४० ला बँड. मातीचे ३६९५ आणि ३६२० त्या फुगवट्याच्या डाव्या उतारावर लहान काट्यांसारखे उभे होते. १६०० ते १७०० मध्ये एक रुंद ढिगारा होता. त्यात १६२० ला खांदा आहे की नाही हेच सांगता येईना, मग १६८५ आहे की नाही ही पुढची गोष्ट. मी नुसत्या केबीआरची कोरी पेलेट करून पाहिली. तिच्यातही तेच दोन बँड होते, ३४४० आणि १६४०. म्हणजे जे दिसत होते त्यातले बरेचसे माझ्या हातचे पाणी होते.

कोरी पेलेट वजा करून टाकावी, असा मोह होतो. मी केली. ३४४० चा फुगवटा कमी झाला, पण १६४० पाशी खड्डा पडला, कारण दोन पेलेटी सारखे पाणी घेत नाहीत. जाडी, घोटण्याचा वेळ, डाय भरेपर्यंत गेलेली मिनिटे, सगळे वेगळे असते. जिथे मला १६२० आणि १६८५ मधला फरक मोजायचा होता, तिथेच वजाबाकी नवा आकार तयार करत होती. म्हणून तो मार्ग सोडला.

दुसऱ्या दिवशी केबीआर ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलेले घेतले, डेसिकेटरमध्ये गार केले, खल आणि डायही कोमट करून घेतले. फुगवटा बराच उतरला. पण आता वेगळीच शंका आली, आणि ती आमच्या जुन्या तंत्रज्ञ काकांनी काढली. मी पावडर इन्फ्रारेड दिव्याखाली, ऊबदार खलात, चांगली दहा मिनिटे जोर लावून घोटत होते. पेलेटचा हा नियमच आहे. कण दोन मायक्रोमीटरहून मोठे राहिले तर प्रकाश विखुरतो, बेसलाइन ४००० च्या बाजूला वर चढते आणि बँडांचे आकार एका अंगाला ताणले जातात. काका म्हणाले, “जिप्सम तू भट्टीत घालतेयस आणि वर घासतेयस. त्याचं पाणी टिकेल कशाला?”

हे तपासायला मी नमुना बाजूला ठेवला आणि जिप्समच केला. बाजारातले पीओपी पाण्यात कालवून ठेवले, पूर्ण बसू दिले, ४० अंशांवर वाळवले आणि हलक्या हाताने चुरले. त्याच्या दोन पेलेटी केल्या. पहिलीत केबीआर आधी एकटे बारीक घोटून घेतले आणि जिप्समची चूर्ण शेवटी अर्धा मिनिट नुसती मिसळली. दुसरीत दोन्ही एकत्र, दिव्याखाली दहा मिनिटे. पहिलीत १६८५ आणि १६२० दोन्ही उभे होते. दुसरीत १६८५ ची उंची १६२० च्या मानाने स्पष्टपणे खाली आली होती आणि ३६१० ला नवा काटा डोके काढत होता. म्हणजे माझ्या घोटण्याने शुद्ध जिप्समचा काही भाग अर्धजलीय झाला होता. मूर्तिकाराच्या पावडरीत नैसर्गिक जिप्सम असता, तर याच पद्धतीने मी त्यात “पीओपी” स्वतःच तयार केले असते आणि पुरवठादारावर खोटा ठपका ठेवला असता. त्या संध्याकाळी मी बराच वेळ त्या दोन रेषा एकावर एक ठेवून बघत बसले.

हळुवार पेलेट हा उपाय वाटतो, पण त्यात कण जाड राहतात आणि बेसलाइन झुकते. इसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब टाकून ओले घोटले तर उष्णता कमी लागते, हेही करून पाहिले. मात्र अल्कोहोल उडताना खल गार पडला आणि त्या दमट हवेत काठावर दव धरले. पावसाळ्यात या उपायाचाच उलटा परिणाम होतो.

मग एटीआरकडे वळले. तिथे नमुन्यात काही मिसळायचे नसते, दळायचे नसते. हिऱ्याच्या स्फटिकावर पावडर ठेवायची आणि वरून स्क्रू फिरवून दाबायची. प्रकाश स्फटिकाच्या आतून परततो आणि परतताना पृष्ठभागाच्या बाहेर जेमतेम डोकावतो. तो किती डोकावतो, हे तरंगलांबीवर अवलंबून असते. हिरा, ४५ अंशांचा कोन आणि साधारण सेंद्रिय किंवा खनिज नमुना धरला, तर १००० सेमी⁻¹ जवळ ही खोली सुमारे २ मायक्रोमीटर येते आणि ३६०० जवळ अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास.

पहिला प्रयत्न मी आळस करून चकतीच्या तुकड्यावर केला. एक सपाटसा कोपरा स्फटिकावर ठेवला, दाबला आणि स्कॅन सुरू केले. स्पेक्ट्रम आला तो कमजोर, सर्वांत उंच बँडही ०.०४ शोषणांकाच्या आत. ११०० जवळचा सल्फेट आणि १०३० जवळचा सिलिकेट यांचा गुंता दिसत होता. पण ३००० च्या वर जवळपास काही नव्हते. ३६९५ नाही, ३६२० नाही, ३४०० चा नुसता धूसर उंचवटा. पटकन पाहणाऱ्याने यावरून “यात माती नाही, नुसतं प्लास्टर आहे” असे लिहिले असते.

तसे नव्हते. कडक, खडबडीत तुकड्याची फक्त उंच टोके स्फटिकाला टेकतात. बाकी ठिकाणी हवेची फट राहते. अर्ध्या मायक्रोमीटरची फट म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण ढोबळ हिशेब केला तर त्या फटीतून १०३० चा बँड निम्म्याहून थोडा कमी उरतो आणि ३६२० चा विसाव्या भागावर येतो. खालच्या आकड्यांकडे प्रकाश लांब डोकावतो, म्हणून फट ओलांडतो. वरच्या आकड्यांकडे तो फटीतच संपतो. त्यामुळे खराब संपर्काची खूण अशी असते: उजवी बाजू जगते, डावी बाजू मरते. सगळा स्पेक्ट्रम एका प्रमाणात लहान झाला, तर नमुना कमी असे समजावे. ओएच आणि सीएचचे बँड खालच्यांच्या मानाने फार बसले, तर संपर्काचा संशय घ्यावा. आणखी एक गोष्ट मी त्या दिवसापासून बघते. १९०० ते २३०० या पट्ट्यात हिरा स्वतःच शोषतो. पार्श्वभूमीत ते वजा होते, पण सिग्नल कमजोर असेल किंवा दाबाने स्फटिकाची बैठक किंचित बदलली तर तिथे लाटा उरतात. नमुन्याच्या बँडांपेक्षा त्या लाटा मोठ्या दिसल्या, तर मी तो स्पेक्ट्रम पुढे वाचतच नाही.

तुकडा उचलून मी त्याची पावडर केली. घोटून नव्हे, चाकूच्या पात्याने कोरड्या कागदावर खरवडून. ती स्फटिकावर ठेवली आणि स्क्रूच्या प्रत्येक पाव फेऱ्यानंतर एक छोटा स्कॅन घेतला. १०३० ची उंची आधी भराभर वाढली. ३६२० मागून, पण शेवटी जास्त वेगाने वाढला. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही थांबले. तो दाब मी पुढच्या सगळ्या नमुन्यांसाठी धरला आणि प्रत्येक नमुना तीनदा नव्याने ठेवून घेतला. ३६२० आणि १०३० चे प्रमाण तिन्हींत जुळले, की संपर्क ठीक. चकतीच्या पावडरीत १६८५ आणि १६२० दोन्ही नीट दिसले, सोबत ३५४० आणि ३४००, आणि मातीचे ३६९५, ३६२० सुद्धा. म्हणजे चकतीत माती आणि जिप्सम, दोन्ही होते. पहिल्या स्कॅनवर विसंबले असते तर माती नाहीच, असे कळवले असते.

मग पिशवीतली कोरडी पावडर, जशीच्या तशी, खलाला न लावता. ती मुळातच बारीक होती. ३६९५ आणि ३६२० होते. ३६२० ला एक जाड पाय होता, कारण पीओपीचा ३६१० त्याच्या पोटातच येतो. ३५५५ ला वेगळा बँड दिसला. १६०० च्या पट्ट्यात १६२०-१६३५ ला एकच रुंद बँड होता, आणि १६८५ च्या जागी बेसलाइन सपाट होती. अर्थ जवळपास उघड होता, तरी मला ३५५५ या एकाच बँडवर कागद द्यायचा नव्हता. उरलेल्या १६२० मध्ये मातीच्या पाण्याचा १६३५ मिसळलेला होता.

तेव्हा सुचले की पीओपीला त्याच्या स्वभावानेच ओळखावे. चिमूटभर पावडरीवर ऊर्ध्वपातित पाण्याचे काही थेंब टाकले, झाकून रात्रभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ४० अंशांवर वाळवले. त्याच पद्धतीने आमच्याकडच्या नुसत्या चिकणमातीचा एक नमुना भिजवून वाळवला. पीओपी असेल तर ते जिप्सम होणार आणि १६८५ उगवणार. नैसर्गिक जिप्सम असता, तर १६८५ आधीपासूनच तिथे असता. सकाळी स्कॅन घेताना माझे हात किंचित थरथरत होते. नमुन्यात १६८५ आला, ३५५५ गेला, ३५४० आणि ३४०० आले. नुसत्या मातीत काही बदलले नाही, तिथे १६३५ तेवढाच राहिला.

एटीआरच्या या स्पेक्ट्रमवर संगणकाने सुचवलेली जुळणी मात्र मी स्वीकारली नाही. आमच्या यंत्रातले जुने ग्रंथालय, म्हणजे ओळखीच्या स्पेक्ट्रमांचा साठा, पेलेटचे आहे. एटीआरमध्ये जोरदार बँडची जागा खाली सरकते, कारण शोषणाच्या आसपास नमुन्याचा अपवर्तनांक बदलतो. सल्फेट पेलेटमध्ये १११५ ते ११४० असा दुहेरी दिसला होता, एटीआरमध्ये त्याचे टोक ११०५ च्या आसपास आले. शिवाय एटीआरमध्ये उजवीकडचे बँड उंच आणि डावीकडचे बुटके असतात. ग्रंथालयाने त्यामुळे नुसते एक खनिज सुचवले होते. प्रकाश डोकावण्याच्या खोलीची दुरुस्ती करणारी कळ दाबली की उंचीचे प्रमाण पुष्कळ सुधारते, पण सरकलेला बँड साध्या दुरुस्तीने परत जागेवर येत नाही, आणि फटीमुळे गेलेला बँड तर कोणत्याही दुरुस्तीने येत नाही.

पेलेटला मी शेवटी परत बोलावले, पण वेगळ्या कामासाठी. आमच्या एटीआरची कड ६०० च्या जवळ येताच गोंगाटात जाते. पेलेट ४०० पर्यंत नीट दिसते आणि केओलिनाइटचे ५४० आणि ४७० तिथेच सापडतात. पाण्याचा प्रश्न नसल्यामुळे तिथे घोटायला हरकत नव्हती. शिवाय एटीआरचा स्फटिक चिमटीएवढा नमुना बघतो आणि त्यातलेही वरचे एकदोन मायक्रोमीटर. पिशवी नीट मिसळलेली नसेल, तर एका चिमटीवरून पिशवीबद्दल बोलता येत नाही. म्हणून मी पिशवीच्या वर, मधे आणि तळाशी मिळून तीन ठिकाणांहून नमुने काढले आणि तिन्हींचे भिजवण्याआधीचे व नंतरचे स्कॅन घेतले. तिन्हींत १६८५ नंतरच उगवला. तळाच्या नमुन्यात तो अधिक उंच होता.

प्रमाण किती, हे मूर्तिकाराने विचारले. मी चिकणमातीत घरचे पीओपी १०, २० आणि ३० टक्के मिसळून, भिजवून, वाळवून तीन मिश्रणे तयार केली. १६८५ ची उंची १०३० च्या तुलनेत पाहिली, तर पिशवीचा वरचा भाग १० आणि २० च्या मधे बसला. तळाचा २० च्या थोडा वर. पण त्याची माती आणि आमची माती एकच नाहीत, १०३० दोन्हींत सारखा असेलच असे नाही, त्यामुळे तो आकडा कागदावर घातला नाही. लिहिले ते एवढेच: पुरवलेल्या पावडरीत चिकणमाती आहे, सोबत अर्धजलीय कॅल्शियम सल्फेट आहे, जे पाणी घातल्यावर जिप्सम होते, भिजवण्याआधी जिप्सम आढळला नाही. पद्धत म्हणून न दळलेल्या नमुन्याचे एटीआर, ठरावीक दाब, प्रत्येकी तीन मापने असे नमूद केले, आणि दोन्ही स्पेक्ट्रम १५०० ते १८०० च्या पट्ट्यात मोठे करून सोबत जोडले.

तो कागद घ्यायला आला तेव्हा मी त्याला १६८५ ची रेषा बोटाने दाखवली. त्याने चष्मा वर करून ती नीट पाहिली, भिजवण्याआधीच्या रेषेवर बोट ठेवले आणि विचारले, “म्हणजे पाणी घातल्यावरच ही उभी राहिली?” मी हो म्हटले. त्याने पिशवीतली उरलेली पावडर माझ्याकडेच ठेवायला सांगितली. पुरवठादाराकडे जायच्या आधी दुसऱ्या ठिकाणची पिशवीही आणून देतो म्हणाला, आणि पाऊस थांबायची वाट न बघता निघाला. मी ओव्हनमध्ये पुन्हा केबीआरची बाटली ठेवली.